कथेतला खून, कलम आणि कोयता: रागाच्या भरात मारलं तर शिक्षा कमी होते का?

रानजाई

मंडळी, एक कथा लिहितेय आणि शेवटाला अडकलेय. इथे कायद्याची जाण असलेले बरेच जण आहेत म्हणून धागा काढला.

कथेचा काळ २०१६, गाव साताऱ्याच्या बाजूचं. सदा आणि विष्णू सख्खे चुलतभाऊ. वाटण्या झाल्यात, पण मधला बांध दर पावसाळ्याआधी विष्णूच्या नांगराने थोडा थोडा सदाच्या बाजूला सरकतो. एका संध्याकाळी सदा बांधावर येऊन बघतो तर या वर्षी अख्खी सरीच गेलीय. बाचाबाची होते. सदाची आई मध्ये पडते. विष्णू तिला ढकलतो, ती ढेकळांत पडते. वर विष्णू सदाच्या वारलेल्या वडिलांवरून असं काही बोलतो की ते मी इथे लिहीत नाही. मग सदाच्या कानाखाली वाजवतो.

सदा घराकडे धावतो. घर शंभर-सव्वाशे पावलांवर आहे. पडवीतला कोयता घेऊन परत येतो आणि मानेवर एकच घाव घालतो. विष्णू जागच्या जागी जातो.

सदा वाईट माणूस नाही. मला त्याला फाशी किंवा जन्मठेपेला पाठवायचं नाहीये. 'अचानक प्रक्षोभ' असं काहीतरी असतं ना, ज्याने खुनाचा गुन्हा खालच्या कलमात येतो? तो सदाला मिळेल का? न्यायाधीशाच्या तोंडी घालायला दोन वाक्यं मिळाली तर दुधात साखर.

बोरूबहाद्दर

सोप्पंय. रागाच्या भरात झालं की ३०२ नाही, ३०४-अ लागतं. दोन वर्षं. माझ्या मित्राच्या ट्रकखाली माणूस आला होता तेव्हा हेच लागलं होतं. सदा दोन वर्षांत घरी.

टवाळ

म्हणजे सदाने कोयत्याऐवजी ट्रक आणायला हवा होता.

सेशन_कोर्ट_कट्टा

बोरूबहाद्दर, ३०४-अ हलगर्जीपणासाठी आहे. तिथे मारायचा हेतूच नसतो. मानेवर कोयता घालणाऱ्याला ते लावायला गेलात तर न्यायाधीश चष्मा काढून तुमच्याकडे बघतील. तुम्हाला म्हणायचंय ते नुसतं ३०४, म्हणजे सदोष मनुष्यवध. त्याचे दोन भाग आहेत. हेतू होता पण अपवादात बसतो, तर भाग एक: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. हेतू नव्हता, नुसती जाणीव होती, तर भाग दोन: दहा वर्षांपर्यंत. मानेवर घाव म्हटल्यावर हेतू नाकारणं कठीण, त्यामुळे सदाला अपवाद मिळालाच तरी तो भाग एकमध्ये जाईल. तिथेही जन्मठेप कागदावर आहेच हे लक्षात ठेवा.

रानजाई, काळ २०१६ घेतलात ते बरं केलंत. १ जुलै २०२४ च्या आधीची घटना म्हणजे जुनी दंडसंहिता, ३०२, ३०४ हे सगळ्यांच्या ओळखीचे आकडे. त्यानंतरची घटना असती तर न्याय संहितेची १०३ आणि १०५ लिहावी लागली असती आणि निम्मे वाचक तिथेच अडखळले असते.

आता मूळ प्रश्न. तुमच्या सदाला आहे त्या अवस्थेत मी वाचवू शकेन असं मला वाटत नाही. वीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी बाजू करतोय, त्यावरून सांगतो. अडचण रागात नाही. राग खराच आहे, विष्णू वागला तेही वाईटच. अडचण त्या शंभर पावलांत आहे.

खून म्हणजे काय ते सांगणाऱ्या कलम ३०० च्या पहिल्या अपवादात दोन गोष्टी एकत्र लागतात. प्रक्षोभ गंभीर हवा आणि आकस्मिक हवा. आणि त्या प्रक्षोभाने माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असताना हातून मृत्यू घडला पाहिजे. 'असताना' हा शब्द महत्त्वाचा. ताबा सुटला होता, मग आला, मग मारलं, असं चालत नाही. घरी जाणं, पडवीत शिरणं, नेमका कोयता शोधणं, तो घेऊन परत त्याच माणसाकडे येणं, यातल्या प्रत्येक पायरीवर सरकारी वकील एक प्रश्न विचारणार: इथे त्याला थांबता आलं नसतं का?

रानजाई

पण धावत गेला आणि धावत आला. दोन-तीन मिनिटं फार तर. एवढ्यात राग उतरतो का कुणाचा? माझा तर दोन दिवस उतरत नाही.

टवाळ

तुमच्या घरच्यांना ३०० चा अपवाद पाठ करून ठेवायला सांगा.

पेठेतला_पंत

नानावटी प्रकरण विसरलात का सगळे? नौदलातला अधिकारी, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि प्रक्षोभ म्हणून सुटला. तो तर घरून जहाजावर गेला, तिथून रिव्हॉल्व्हर घेतलं, मग त्याच्या घरी गेला. सदाची शंभर पावलं त्यापुढे काय!

सेशन_कोर्ट_कट्टा

पंत, निम्मं बरोबर. ज्यूरीने सोडलं, ८ विरुद्ध १. पण सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही. त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे खुनासाठी जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. कायमचे सुटले ते १९६४ मध्ये, राज्यपालांनी माफी दिली म्हणून. प्रक्षोभाचा बचाव तिथे हरला. आजही प्रक्षोभावर बोलताना आम्ही पहिल्यांदा तोच निकाल उघडतो, आणि बऱ्याचदा विरुद्ध बाजूच उघडते.

घटनाक्रम बघा म्हणजे कळेल. २७ एप्रिल १९५९. दुपारी बायकोने कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो थिएटरला सोडलं. मग जहाजावर गेले, रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी चालवत जायचंय असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आधी बायकोचा प्रियकर आहुजा याच्या कचेरीत गेले, तो तिथे नव्हता, मग त्याच्या फ्लॅटवर. न्यायालयाने हिशेब केला: दीड वाजता घर सोडलं, चार वीसला गोळी सुटली. मधल्या जवळजवळ तीन तासांत ताबा परत यायला भरपूर वेळ होता. शिवाय बायकामुलांची सोय लावून ते निघाले होते. म्हणजे डोकं चालू होतं, पुढचा विचार होत होता.

त्या निकालात सदाच्या फायद्याचंही काही आहे. नुसते शब्द आणि हावभाव यांनीही प्रक्षोभ होऊ शकतो, हात उगारलाच पाहिजे असं नाही. मोजमाप कुठल्या तरी काल्पनिक थंड डोक्याच्या साहेबाचं नाही, आरोपीच्याच समाजथरातला, त्याच परिस्थितीतला सर्वसाधारण माणूस ताबा घालवून बसला असता का, असं विचारायचं. आणि मेलेल्या माणसाच्या आधीच्या वागण्याने जी मनाची पार्श्वभूमी तयार झाली तीही बघायची. म्हणजे दर वर्षी सरकणारा बांध कोर्टात आणता येतो. पण शेवटचा घाव त्या रागाच्या झटक्यातलाच हवा, राग निवायला वेळ मिळाल्यानंतरचा नको.

गजानन_भाऊ

नमस्कार. मी धागा वाचला. माझ्या चुलत्याने माझा बांध दोन वर्षांपासून कोरला आहे. अंदाजे अडीच फूट आत आला आहे. वर शिव्याही देतो. अशा वेळी नेमकं काय करावे? कोर्ट प्रक्षोभ मानते का?

टवाळ

भाऊ, आधी सांगा, आत्ता कुठे आहात आणि हातात काय आहे?

जमादार_निवृत्त

गजाननभाऊ, तुमचा धागा वेगळा आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज टाका, हद्दी कायम करून घ्या, मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात घ्या. शिव्या देतो तर पोलीस ठाण्यात अर्ज देऊन ठेवा. या धाग्यातलं बाकी काही वापरू नका.

आता कथेबद्दल. वकीलसाहेब कोर्टातलं बोलले, मी बांधावरचं सांगतो. माझ्या नोकरीत बांधावरच्या मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्या. अशा केसचं भवितव्य कोर्टात नंतर ठरतं, पहिल्या चोवीस तासांच्या कागदांत आधी ठरतं.

एक, फिर्याद कोण देतो. तुमच्या कथेत विष्णूची बायको देणार. ती चुलत सासूला ढकलल्याचं सांगणार नाही, कानाखाली मारल्याचं तर नाहीच. तिच्या फिर्यादीत 'किरकोळ शाब्दिक वाद झाला' एवढंच येणार आणि मग थेट कोयता.

दोन, घटनास्थळाचा पंचनामा. आम्ही प्रेत पडलं तिथून आरोपीच्या घरापर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहितो. ताईंनी पावलं लिहिली आहेत, पंचनाम्यात मीटर येतील, आणि पुढे प्रत्येक कोर्टात तोच आकडा वाचला जाईल.

तीन, सदा घराकडे पळताना काय ओरडला. असे लोक नव्वद टक्के वेळा 'थांब, तुला दाखवतोच' असं ओरडतात. बाजूच्या रानातला एखादा ऐकतो. ते वाक्य जबाबात आलं की प्रक्षोभ संपला, तिथून पुढे ठरवून केलेला खून. कथेत ते वाक्य असेल तर काढून टाका.

चार, आणि हे बरेच नवे अधिकारी विसरतात: अटकेच्या वेळी आरोपीची वैद्यकीय तपासणी. सदाच्या गालावर वळ आहे का, कपड्याला माती आहे का, आईच्या हातापायाला खरचटलंय का. डॉक्टरच्या कागदावर हे आलं तर बचावाला आधार मिळतो. नाही आलं तर कानशिलात मारली हे फक्त सदाचं म्हणणं उरतं.

रानजाई

जमादारकाका, 'थांब, तुला दाखवतोच' हे वाक्य माझ्या मसुद्यात शब्दशः आहे. काढते.

वकीलसाहेब, मग सदा कोर्टात सरळ उभा राहून सांगू शकत नाही का, की हो, मारलं, पण असं असं झालं म्हणून?

सेशन_कोर्ट_कट्टा

सांगू शकतो. पण सांगत नाहीत. प्रत्यक्षात ही सगळ्यात मोठी पंचाईत आहे.

आरोपीला शेवटी न्यायाधीश एकेक पुरावा वाचून दाखवतात आणि तुझं काय म्हणणं विचारतात. दहातले नऊ आरोपी म्हणतात: खोटं आहे, मी नव्हतो, भावकीच्या वैरातून गुंतवलंय. कारण 'मी मारलं' म्हटलं की सुटकेचं दार बंद. साक्षीदार फितूर झाले तर संपूर्ण सुटका मिळेल अशी आशा असते. आणि 'मी नव्हतोच' म्हणणारा माणूस त्याच दमात 'मी तिथे फार चिडलो होतो' कसं म्हणणार?

त्यामुळे आम्ही प्रक्षोभ सरकारी साक्षीदारांच्याच उलटतपासातून काढतो. विष्णूच्या बायकोला विचारायचं: तुमचे मालक आणि सदा यांच्यात बांधावरून आधीही वाद होते ना? आधी हात कुणी उचलला? म्हातारी खाली कशी पडली? एखादं 'हो' पडलं तरी पुरतं. अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर आहे खरी, पण त्याला सरकारी पक्षाइतकं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही. तसं घडण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं की झालं, आणि तेही समोरच्याच पुराव्यातून दाखवता येतं. आरोपी तोंडाने नाकारत असला तरी न्यायालय पुराव्यातून अपवाद उचलू शकतं.

कथा म्हणून बघाल तर सदाने खरं बोलायचं की नाकारायचं हा पेच तुमच्या शेवटापेक्षा जास्त रंगेल असं मला वाटतं. पण ते तुमचं क्षेत्र.

कोल्हापुरी_चप्पल

मला एक सांगा, आईला ढकललं म्हणजे स्वसंरक्षण नाही का होत? आईला वाचवायला मारलं.

सेशन_कोर्ट_कट्टा

त्याच क्षणी, ढकलत असताना मारलं असतं तर तो मुद्दा निघाला असता. सदा परत आला तेव्हा आई ढेकळांतून उठून बसलेली, विष्णू रिकाम्या हाताने उभा. धोका संपला होता.

मीरा_द

धागा उशिरा वाचला. मला या सगळ्या अपवादाबद्दलच प्रश्न आहे.

'ताबा सुटला' ही सवलत मिळते कुणाला? मी समुपदेशनाचं काम करते. बायकोवर संशय घेऊन तिला मारणारा नवरा हमखास हेच म्हणतो, की ती असं बोलली, माझं डोकं फिरलं. आणि बारा-पंधरा वर्षं मार खाल्लेली बाई उलटते तेव्हा ती त्या क्षणी उलटत नाही. कशी उलटणार, समोरचा ताकदीने दुप्पट आहे. तो झोपतो, दारू पिऊन पडतो, तेव्हा उलटते. मग कोर्ट म्हणणार: बाई, आकस्मिक कुठे होतं, तुम्ही तर वाट पाहिलीत. हा नियम ज्याचा हात लगेच चालतो त्याच्यासाठी बनवलेला आहे. सदासारख्या पुरुषासाठी.

टेम्सकाठची_मावशी

मीरा, इंग्लंडमध्ये नेमका हाच वाद झाला. १९८९ मध्ये किरणजीत अहलुवालिया नावाच्या पंजाबी बाईने वर्षानुवर्षं छळणाऱ्या नवऱ्याला तो झोपलेला असताना पेटवलं. आधी खुनासाठी जन्मठेप. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने प्रक्षोभाचा मुद्दा मानला नाही. 'अचानक' हवंच म्हणाले, पण मधे थोडा वेळ गेला एवढ्याने दार आपोआप बंद होत नाही असंही म्हणाले. तिची फेरसुनावणी झाली ती वेगळ्या कारणाने, मानसिक अवस्थेमुळे जबाबदारी कमी होते या मुद्द्यावर. मग गुन्हा खालचा ठरला आणि ती सुटली.

इथे आता जुना प्रक्षोभाचा बचाव राहिलेलाच नाही. २००९ च्या कायद्याने तो काढून टाकला, ऑक्टोबर २०१० पासून 'ताबा सुटणे' असा नवा बचाव आला. त्यात ताबा अचानक सुटायला हवा अशी अट नाही. आणि जोडीदाराचा व्यभिचार एवढ्या एकाच कारणावर तो उभा करता येत नाही. म्हणजे नानावटींना आजच्या लंडनमध्ये आणखी जड गेलं असतं.

सेशन_कोर्ट_कट्टा

मीराताई, तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. आपल्याकडे शब्द १८६० चेच आहेत, नव्या संहितेनेही 'गंभीर व आकस्मिक' तसंच उचललं. पण न्यायालयांनी थोडी जागा केलीय. मद्रास उच्च न्यायालयाने साचत गेलेला प्रक्षोभ मानला आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये छत्तीसगडच्या एका प्रकरणात, दारुड्या भावाच्या रोजच्या त्रासाला कंटाळून भावानेच भावाला मारलं होतं, तिथे शेवटचा प्रसंग आधीच्या सगळ्या प्रसंगांच्या उजेडात बघावा लागतो असं म्हणून ३०२ चं ३०४ भाग एक केलं.

उलट बाजूही सांगतो. २०१४ मध्ये एका जवानाचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता. वरिष्ठाने दुपारी केलेल्या गैरवर्तनाने तो पेटला होता, पण गोळी संध्याकाळी पहाऱ्यावर असताना घातली. मधल्या काही तासांनी त्याचा घात केला. दोन्ही निकाल जिवंत आहेत. आपल्या बाजूचा शोधून ठेवायचा.

मीरा_द

भावाने भावाला मारलेलं उदाहरण मिळालं. बाईचं मिळालं तर कळवा.

सेशन_कोर्ट_कट्टा

मद्रासच्या प्रकरणात बाईच होती, मुलांना घेऊन विहिरीत उडी मारलेली. स्वतः वाचली, मुलं गेली. पण तुम्ही विचारताय ते वेगळं आहे, मला मान्य.

पेठेतला_पंत

रच्याकने, दारूचा उल्लेख निघालाच आहे तर, विष्णू किंवा सदा प्यालेला दाखवला तर? प्यायल्यावर ताबा लवकर सुटतो हे तर शास्त्र आहे.

जमादार_निवृत्त

पंत, स्वतःच्या हाताने प्यायलेली दारू कोर्ट आरोपीच्या खात्यात जमा करत नाही. 'सर्वसाधारण माणूस' म्हणजे शुद्धीवरचा माणूस. विष्णू प्यालेला दाखवा पाहिजे तर, त्याचं वागणं पटेल.

रानजाई

इतकं वाचून मी कथा मोडून पुन्हा बांधतेय. नवा मसुदा असा: संध्याकाळी सदा बांधावरच कोयत्याने झुडपं तोडतोय. कोयता आधीपासून हातात. विष्णू येतो, वाद, आईला ढकलतो, वडिलांवरून बोलतो, दोघं एकमेकांना भिडतात, लाथाबुक्क्या, आणि त्या झटापटीत एक घाव. आता?

सेशन_कोर्ट_कट्टा

आता तुमची केस दुसऱ्या दारातून आत आली. हा चौथा अपवाद: पूर्वतयारी नाही, अचानक भांडण पेटलं, त्यात मारामारी झाली, आणि आरोपीने गैरफायदा घेतला नाही किंवा क्रूरपणे वागला नाही. इथे आधी कुणी चिथावलं, पहिला हात कुणाचा, हे बघायचंच नाही असं कायदाच म्हणतो. पहिल्या अपवादात विष्णूने भडकवलं हे दाखवावं लागतं, चौथ्यात दोघंही थोडे थोडे दोषी चालतात. बांधावरच्या खटल्यांत आम्ही बहुतेक वेळा याच दारावर उभे असतो.

पण मारामारी खरी हवी. मारामारीला दोन बाजू लागतात, एकाने मारायचं आणि दुसऱ्याने खायचं ही मारामारी नव्हे. म्हणून तुमच्या नव्या मसुद्यातल्या लाथाबुक्क्या फार मोलाच्या आहेत, त्या कापू नका. जमादारसाहेबांनी सांगितलेला सदाच्या अंगावरच्या जखमांचा कागद इथे सगळ्यात जास्त उपयोगी.

एकच ठिकाण कच्चं राहतं. विष्णू निःशस्त्र, सदाच्या हातात कोयता. सरकारी वकील म्हणणार, हाच गैरफायदा. उत्तर असं की कोयता त्याने भांडणासाठी आणला नव्हता, झुडपांसाठी होता. आणि घाव एक आहे. घावांच्या संख्येवर सगळं ठरत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, पण खाली पडलेल्या माणसावर दुसरा-तिसरा घाव घातला की मला उभं राहायला जागा उरत नाही. एकवरच थांबा.

जमादार_निवृत्त

साहेब, मी तरीही ३०२ च लावला असता.

सेशन_कोर्ट_कट्टा

लावायलाच हवा. अपवाद बघणं तुमचं काम नाही. मी ३०४ मागणार, तुम्ही ३०२ ठेवणार, मधे चार-पाच वर्षं सदा कच्च्या कैदेत.

बोरूबहाद्दर

म्हणजे शेवटी आकड्यातले अक्षर सोडले तर माझं ३०४ बरोबर होतं 😄

टवाळ

अक्षर सोडलं तर आठ वर्षांचा फरक, बाकी बरोबर.

कोल्हापुरी_चप्पल

रानजाई, एक सुचवू? कोयता सदाच्या हातात नकोच. झटापट चालू आहे आणि सदाचा मेव्हणा, जो कडेला उभा राहून बघतोय, तो कोयता त्याच्या हातात देतो. वाचक हादरतील.

सेशन_कोर्ट_कट्टा

चप्पलराव, हे तुम्ही मुद्दाम केलंत की योगायोग? दंडसंहिता लिहिणाऱ्यांनी कलमाखाली जी उदाहरणं दिली आहेत त्यात जवळजवळ हाच प्रसंग आहे. एकाने दुसऱ्याला मारून संतापवलं, बाजूला उभ्या तिसऱ्याने त्या संतापाचा फायदा घेऊन त्याच्याकडून खून करवण्यासाठी त्याच्या हाती सुरा दिला. चिडलेला माणूस सदोष मनुष्यवधात जातो आणि सुरा देणारा खुनात. ज्याने मारलं त्याला कमी, ज्याने नुसतं हातात दिलं त्याला जास्त. कारण त्याचं डोकं थंड होतं.

रानजाई

अंगावर काटा आला. हाच शेवट. आणि मेव्हण्याचाही बांध विष्णूला लागून आहे असं करते, म्हणजे त्याला कारण मिळेल.

मीरा_द

हे मला पटलं. पण मग पहिल्या मसुद्यात पडवीतला कोयता दिसेल असा कुणी ठेवला, आईने मुलाला 'तुझ्या बापाला काय बोलला ऐकलंस ना' असं म्हटलं, तर यांचं काय? थंड डोकं फक्त हातात देणाऱ्याचंच असतं का?

सेशन_कोर्ट_कट्टा

बोलण्यासाठी चिथावणीचं कलम आहे, पण हेतू सिद्ध करावा लागतो. रानजाई, म्हणूनच विचारतो: मेव्हणा कोयता देताना काय बोलतो? 'घे, तोड त्याला' म्हणाला तर खुनात गेला. 'घे, त्याला भीती दाखव' म्हणाला तर मी त्याचंही वकीलपत्र घेईन.

रानजाई

काहीच बोलत नाही. नुसता पुढे करतो.

सेशन_कोर्ट_कट्टा

मग दोन वकील लागतील. दोघांचा बचाव एकाच माणसाला करता येणार नाही. सदाचा वकील सगळं मेव्हण्यावर ढकलणार.

जमादार_निवृत्त

आणि मी दोघांवर ३०२ सह ३४ लावून मोकळा. सामायिक इरादा. कोण गरम, कोण थंड ते तुम्ही वर ठरवा.

सेशन_कोर्ट_कट्टा

३४ टिकणार नाही. एकाचा झटका आणि दुसऱ्याचा डाव, यात सामायिक काय?

जमादार_निवृत्त

टिकतं साहेब. टिकलेलं पाहिलंय.

गजानन_भाऊ

मोजणीची फी किती असते? तातडीची वेगळी असते का?